अर्जंटराव

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत शेतकऱ्यांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप घ्या, त्यात एक अर्जंटराव असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, चार-पाच एकर कपाशी, खिशात काच तडकलेला मोबाईल. रात्री जेवणं आटोपून गाव आडवं झालं की ह्यांचा मेसेज पडतो : ‘खालील कपाशीचे पान लाल का झाले ते सांगावे. अर्जंट.’ आपण खाली बघतो. खाली थेट टाइप करायची पट्टी. पान नाही, कपाशी नाही, काहीच नाही.

खरी गंमत पुढं आहे. उत्तरं लगेच यायला लागतात! एक जण लिहितो, ‘मॅग्नेशियम मारा.’ दुसरा म्हणतो, ‘१९:१९:१९ सोडा.’ तिसरा हात जोडतो. चौथा घाईत ‘अभिनंदन’ टाकतो आणि त्याचं बघून आणखी दोघं अभिनंदन करतात. न आलेल्या फोटोवर एवढी चर्चा झाल्यावर अर्जंटराव सगळ्यांचे आभार मानतात आणि विचारतात, ‘मग नेमकं काय मारू?’

कृषी सेवा केंद्र चालवणारा एक पोरगा आमच्या ग्रुपात आहे, तो मात्र असल्या वेळी औषधाचं नाव काढत नाही. लाल पानाची भानगड त्याला पक्की ठाऊक आहे. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी बुडखाकडची जुनी पानं धरतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा खाली मुडपतात आणि लाली कडेकडून आत सरकते. पान उलटलं की हिरवट किडे तिरके पळताना दिसतात. पहिल्या प्रकारात १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारून काम भागतं. दुसऱ्यात तेच फवारलं तर पैसा गेला, दिवस गेला आणि तुडतुडे मजेत. म्हणजे फोटोशिवाय दिलेलं उत्तर निम्म्या वेळा चुकायचंच. शिवाय चुकल्यावर अर्जंटराव ‘ग्रुपवाल्यानं सांगितलं’ म्हणत गावभर फिरणार, ते वेगळंच.

म्हणून पोरगा लिहितो, ‘काका, तुमचा मेसेज आला, फोटो आला नाही. परत पाठवा. एक अख्ख्या झाडाचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा. लागवड कधीची आणि शेवटचं काय फवारलं, तेही लिवा.’

उत्तर म्हणून व्हॉइस मेसेज येतो. मागं कुत्रं भुंकतंय आणि काका तावातावात : ‘आरं पाठवलाय की! मह्या मोबाईलमंदी दिसायलाय मला!’

आणि इथं अर्जंटराव खोटं बोलत नाहीत. त्यांना फोटो खरंच दिसत असतो. शेतात रेंजची एखादीच काडी असते. चार शब्दांचा मेसेज तेवढ्यावर सटकतो, जड फोटो मागं अडकतो. ज्याच्या फोनात तो काढलाय त्याला तो अडकलेलाही दिसतोच. ‘दिसतोय का’ हा प्रश्न त्यामुळं बिनकामाचा. पोरगा विचारतो, ‘काका, फोटोच्या कोपऱ्यात घड्याळ हाय का टिक?’ घड्याळ असलं तर फोटो अजून फोनातच बसलाय. एक टिक म्हणजे इथून निघाला, दोन टिका म्हणजे समोरच्याच्या फोनात पोचला. ग्रुपात तर दोन टिका पडायला सगळ्यांचे फोन चालू लागतात, त्यामुळं एका टिकेवर समाधान मानावं.

कधी घड्याळही नसतं आणि टिकही नसते, कारण फोटोच नसतो. अर्जंटरावांनी दुसऱ्या ग्रुपातल्या कुणाच्या तरी फोटोवर बोट दाबून धरलेलं असतं, ‘कॉपी’ केलेलं असतं आणि आपल्याकडं आणून चिकटवलेलं असतं. कॉपी होतात फक्त फोटोखालची अक्षरं. तेव्हा कपाशी दुसऱ्याची, रान दुसऱ्याचं, अर्जंट तेवढं ह्यांचं. ते कुणाचं पान म्हणून विचारलं, तर म्हणतात, ‘मला काय ठावं? म्या म्हणलं सगळ्यांला कामाला येईल.’

ह्या खेपेला मात्र घड्याळ होतं. पोरानं सांगितलं, ‘राहू द्या तसाच. सकाळी स्टँडाकडं या, रेंजमंदी आल्यावर आपोआप जाईल.’ सकाळी तो गेलाही. फोटोत बांधावरून घेतलेलं अख्खं रान होतं, मधोमध काकांची सावली, आणि पानं हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पोरानं परत लिहिलं, ‘पानाच्या खालचा, काका. जवळून.’

दुपारी आला. पान उलटं, कडा मुडपलेल्या, वर चार-पाच तुडतुडे, सगळं लख्ख. पण तोवर काकांचा मेसेज वर कुठं तरी निघून गेला होता आणि सोबत त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तिघांनी अंगठा दाखवला. एकानं विचारलं, ‘हे कशाचं पान हाय?’