पेपर झाला, आता पिक्चर कुठला?

"काकू, आहात का हो?"

भिंतीपलीकडून अशी हाक आली की एरवी कढीपत्ता हवा असतो. फेब्रुवारी-मार्चात मात्र हाकेचा सूरच वेगळा असतो, कारण शेजारची चिऊ बारावीला आहे. मी हातातला कुरडयांचा सोऱ्या बाजूला ठेवला आणि भिंतीशी गेले.

"बुधवारी फिजिक्स आहे, शनिवारी केमिस्ट्री. फिजिक्स झाल्यावर तिला दोन तास सिनेमा बघायचाय म्हणते. बघू देऊ का नको?"

"देऊ का नको हा प्रश्नच नाही. कुठला, एवढंच विचार."

हे मला विचारायचं कारण आहे. आमच्या ह्यांची कॅसेटची लायब्ररी होती आणि दुपारच्या वेळी गल्ल्यावर मी बसायचे. घरात बाळंतीण आहे, आजारी सासरे आहेत, पाहुण्यांत तरुण पोरं आहेत, असं सांगून लोक कॅसेट मागायचे. सिनेमा चांगला की वाईट हे फार कमी जण विचारत. ज्याच्या त्याच्या घरात काय चालेल, हे बघून कॅसेट द्यावी लागे.

"चिऊ काय म्हणते?"

"तिच्या मैत्रिणींनी 'अंधाधुन' सुचवलाय."

"सिनेमा फर्स्टक्लास आहे. पण शेवटचा पेपर होईपर्यंत नाव काढायचं नाही."

"का? शिव्या आहेत?"

"शिव्यांचं राहू दे. तो सिनेमा संपतच नाही गं. पडदा काळा होतो आणि तो पियानोवाला खरा आंधळा की खोटा, त्याने सांगितलेली हकिकत खरी की बनवलेली, यावर दोन दिवस वाद चालतो. मैत्रिणींच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतील. मग ही मोबाइलवर शेवटाचा अर्थ शोधत बसेल. सिनेमा दोन-सव्वादोन तासांचा, पण शुक्रवारी रात्रीपर्यंत डोक्यात चालू राहणार. तोवर केमिस्ट्रीचं काय?"

चिऊची आई जरा विचारात पडली. मग तिने दुसरं नाव काढलं. "मग 'थ्री इडियट्स'? सगळ्यांचा आवडता. हसवतोही."

"त्यात एक मुलगा वसतिगृहात फास लावून घेतो, हे विसरलीस? आपण हसण्याची दृश्यं लक्षात ठेवतो आणि ते सोडून देतो. परीक्षेच्या दिवसांत मुलांना नेमकं तेच टोचतं. शिवाय जवळजवळ तीन तासांचा आहे. 'छिछोरे'चंही तेच, तिथे तर गोष्टच प्रवेश परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या आत्महत्येच्या प्रयत्नापासून सुरू होते. आणि 'ट्वेल्थ फेल' पाहून मुलांना हुरूप येतो म्हणतात. येतही असेल. पण सकाळी तीन तास पेपर लिहून आलेल्या मुलीला संध्याकाळी पुन्हा परीक्षेचाच सिनेमा? ऑफिसातून आलेल्या माणसाला फायली दाखवण्यातला प्रकार झाला."

"अहो, मग उरतं काय? सगळ्यांत काही ना काही आहेच की."

इथे मी माझं गल्ल्यावरचं गुपित सांगितलं. सिनेमांचे ढोबळ दोन प्रकार असतात. एकात सिनेमाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. खून कुणी केला, दाराआड कोण आहे, तो खोटं बोलतोय का, हे दिग्दर्शकाने दडवून ठेवलेलं असतं आणि आपण पूर्ण वेळ मनातल्या मनात दुवे जुळवत बसतो. ते डोक्याचंच काम आहे. सोफ्यावर बसून केलं म्हणून ते विश्रांती होत नाही. दुसऱ्या प्रकारात आपल्याला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं. गुपित आपल्याला पहिल्यापासून सांगितलेलं असतं आणि पडद्यावरचं एखादं भाबडं माणूस तेवढं अंधारात असतं. आपल्याला फक्त त्याची गंमत बघायची. थकलेल्या डोक्याला हा दुसरा प्रकार मानवतो.

"'बनवाबनवी'!" चिऊची आई एकदम म्हणाली.

"अगदी तोच प्रकार. पुरुष बायकांचे कपडे घालून राहतायत हे आपल्याला ठाऊक, घरमालकिणीला नाही. पण तो दोन तासांत बसत नाही. आणि तुमच्याकडे तो लागला की चिऊचे बाबा, आजी, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, सगळे येऊन बसतात आणि प्रत्येक संवाद आधी म्हणून दाखवतात. ती पोरगी बिचारी प्रेक्षकांनाच बघत बसेल. मे महिन्यात बघा सगळे मिळून. बुधवारी 'चुपके चुपके' लाव."

"तो जुना? धर्मेंद्रचा?"

"1975चा, हृषीकेश मुखर्जींचा. त्याच वर्षी 'शोले' आला. तिथे धर्मेंद्र, अमिताभ आणि जया भादुरी ज्या तणावात वावरतात, तेच तिघं इथे किती हलके झालेत बघ. दोन तासांच्या जरासा वर जातो. धर्मेंद्र वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण बायकोच्या जिजाजींची फजिती करायला त्यांच्याच घरी ड्रायव्हर बनून राहतो. हे बायकोला माहीत, मित्रांना माहीत, आपल्याला माहीत. जिजाजी झालेल्या ओमप्रकाशला मात्र माहीत नाही. कुणी दुष्ट नाही, कुणाचं काही लुबाडायचं नाही. फार तर काय होईल? जिजाजी रागावतील. यापलीकडे धोका नाही, म्हणून छातीत धडधड होत नाही."

"आणि शेवट?"

"जेवढ्या थापा मारल्या तेवढ्या सगळ्या उलगडतात. एकही दोर लोंबकळत ठेवलेला नाही. मला विचारशील तर मध्यंतरानंतर जरा रेंगाळतो, अमिताभ-जयाचं जुळताना. तेवढ्यात चहा कर. काही चुकलं तरी बिघडत नाही. चहाला उठता येतं का, हीसुद्धा सिनेमाची एक परीक्षाच आहे. थ्रिलर बघताना उठलं की मागे आणून पुन्हा बघावं लागतं."

"तिने लहानपणी पाहिलाय बहुतेक, आजोबांबरोबर."

"मग दुधात साखर! पाहिलेला असला तर उत्तमच. नवीन सिनेमात पहिली वीस मिनिटं कोण कुणाचं कोण हे समजण्यातच जातात."

चिऊच्या आईने मान डोलावली. मी घाईघाईने पुढची सूचना दिली. "पण हाच सिनेमा बायॉलॉजीच्या आधी लावू नकोस."

"का?"

"अगं, त्यात इंग्रजीचा प्राध्यापक अमिताभ वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मिरवतो आणि जयाला शिकवायला बसतो. ज्या मुलीच्या डोक्यात फुलाचे भाग, परागण, फलन घोळतंय, ती हसायचं सोडून मनात उत्तरं दुरुस्त करत बसेल. उद्या-परवाच्या पेपरातला विषय पडद्यावर नको, मग तो विनोदात का असेना. फिजिक्स झाल्यावर, केमिस्ट्रीच्या आधी मात्र बेशक लाव."

"आणि बायॉलॉजीच्या आधी काय?"

"'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा, 2009चा. दोन तासांच्या बराच आत संपतो. दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा केला, तो 1913मध्ये गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे शेवट आधीच कळलेला. घरातलं सामान विकलं जातं, डोळे जातात की राहतात अशी वेळ येते, तरी जीव टांगणीला लागत नाही, कारण हा माणूस सिनेमा पुरा करणार हे ठाऊक असतं. आणि बायकांची कामं करायला बायकाच मिळेनात म्हणून पुरुष उभे करायचे, तर ते मिशी काढायला तयार नाहीत, ही भानगड बघून चिऊ खो खो हसेल."

"पण काकू, त्यात ते वाटाण्याचं रोप कुंडीतून वर येताना दाखवतात ना? फाळके त्याची एकेक चौकट टिपतात. मग तीही बॉटनीच की!"

आली ना पंचाईत! बारावीच्या आईशी बोलताना जपून बोलावं लागतं. "तेवढं एक रोप चालेल," मी म्हटलं, "त्यावर प्रश्न विचारणारं कुणी नाही त्यात."

मग वेळेची गोष्ट निघाली. चिऊच्या आईचं म्हणणं, रात्री जेवणं झाल्यावर निवांत बघू दे. मी साफ नाही म्हटलं. पेपर अकराला सुरू होऊन दोनच्या सुमारास सुटतो. अडीच-पावणेतीनला घरी, वरणभात, तासभर आडवं पडणं. साडेचारला सिनेमा सुरू केला तर चहा धरून पावणेसातला संपेल. मग चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर, आणि आठला केमिस्ट्रीचं सोपंसं प्रकरण उघडायचं. रात्री नऊला सिनेमा लावला की साडेअकरा वाजतात, लगेच डोळा लागत नाही आणि दुसरा दिवस जांभया देण्यात जातो. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, हे डॉक्टरही सांगतात, मग झोपेतलेच दोन तास सिनेमाला कशाला द्यायचे? शुक्रवारी, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी, तर सिनेमाच नको.

"आणि मोबाइलवर बघते म्हणाली तर?"

"हॉलमधल्या टीव्हीवर. अभ्यासाच्या खुर्चीत तर मुळीच नाही. मोबाइल हातात असला की वरून मेसेज टपकतात, पाच नंबरच्या गणिताचं उत्तर किती आलं म्हणून. अर्धं लक्ष तिकडेच. सिनेमा कुठला आणि कुठल्या ॲपवर आहे, हे मंगळवारीच तू शोधून ठेव. नाहीतर 'काय बघू, काय बघू' करत ती अर्धा तास नुसती नावं सरकवत बसेल आणि शेवटी एखादी मालिका लावेल. मालिकेचा प्रत्येक भाग मुद्दाम अशा जागी तोडतात की पुढचा लावावासा वाटावा. सिनेमाचं बरं असतं, पाट्या पडतात आणि संपतो. तो संपल्याबरोबर पुढचं काहीतरी आपोआप सुरू होतं, ते सेटिंग तेवढं बंद करून ठेव."

"चुकीचा सिनेमा निवडला गेला तर कळणार कसं?"

"संपल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे बघ. आळस देऊन उठली, खायला काय आहे विचारलं, एखादं गाणं गुणगुणली, की समजायचं बरोबर लागला. मोबाइल घेऊन नटाची माहिती शोधायला लागली, नाहीतर गप्प होऊन छताकडे बघत राहिली, की चुकला. मग त्या रात्री पुस्तक उघडायला लावू नकोस, उपयोग नाही."

तेवढ्यात चिऊचे बाबा स्कूटर लावून भिंतीशी आले. बायकोने त्यांना सगळा बेत सांगितला. ते खूश झाले. म्हणाले, "छान! मीही लवकर येतो बुधवारी, सिनेमा बघता बघता तिच्याशी पेपरची उत्तरं पडताळून घेता येतील."

आम्ही दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

तर ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे, त्या बाबालोकांना एवढीच विनंती: सिनेमा 'चुपके चुपके' लावा नाहीतर आणखी कुठला, पण त्या दोन तासांत पेपर कसा गेला हे विचारू नका. आणि राहवतच नसेल, तर बुधवारी ऑफिसातच थांबा.