मधात उभं राहणाऱ्याला गोटे बसते

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन एका करिअर मार्गदर्शनाच्या कार्यशाळेला गेलो. पाहुणे बाहेरचे, बूट चकचकीत. त्यांनी फळ्यावर एकमेकांत घुसलेली चार वर्तुळं काढली. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय जमतं, कशाचे पैसे मिळतात, जगाला कशाची गरज आहे. चारही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात त्या चिमुकल्या जागेत टिंब दिलं आणि म्हणाले, ‘इकिगाई! इथे उभे राहा.’

भाचा माझ्या कानाशी लागला. ‘मामाजी, मधात कोणी उभं राहते का? गोटे बसते.’

पांढुर्ण्याच्या पोराला मध्य म्हटलं की गोटमारच आठवणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि झेंड्याला हात घालायला जो पुढे जातो त्याच्यावर दगडांचा पाऊस. दोन्ही काठांना हवीशी असलेली जागा सुखाची असते, हे आमच्या तालुक्यात कुणाला पटवून दाखवाच.

पण आधी त्या चित्राची जात तपासू. पाहुणे म्हणाले, ही जपानी लोकांची हजार वर्षांची विद्या. विद्या कसली, हे चित्र २०११ मध्ये आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने काढलं. तेव्हा मधल्या जागेत ‘प्रयोजन’ अशा अर्थाचा स्पॅनिश शब्द होता. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या गृहस्थाने तो काढून तिथे इकिगाई बसवलं, आणि चित्र जगभर धावलं. म्हणजे ही कुंडलीच झाली. आपल्या कुंडलीत निदान बारा घरं असतात, इथे चारांतच भागवलंय.

जपानी माणूस इकिगाई म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पगार असेलच असं नाही. सकाळचा चहा असेल, नातू असेल, अंगणातलं झाड असेल. या विषयावरचं तिकडचं नावाजलेलं पुस्तक १९६६ साली मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी लिहिलं. त्यांनी नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम केलं होतं. घरापासून तोडलेल्या, नोकरीधंदा सुटलेल्या माणसांना जगावंसं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न. त्या रुग्णांपुढे ‘कशाचे पैसे मिळतात’ हे वर्तुळ धरून पाहा.

असो. चित्र उपरं असलं म्हणून खोटं ठरत नाही. संत्राही या मातीत बाहेरूनच आला. तेव्हा भाच्याची वर्तुळं भरून पाहू. वय बावीस, बापाची तीन एकर जमीन, एक विहीर. संत्र्याची बाग आवडते? जीव आहे. जमते? जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधतो आणि त्याचं कलम सहसा मरत नाही. जगाला गरज आहे? लोक संत्री खातात. पैसे मिळतात? मिळतात. चारही वर्तुळांत टिकमार्क, पोरगा थेट टिंबावर. टाळ्या!

आता टाळ्या थांबवून शेतात चला. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी एकशेदहा झाडं, तीन एकरांत तीनशे तीस. फळ धरायला पाच-सहा वर्षं, बाग भरात यायला आणखी दोन-तीन. म्हणजे आवड आज, कसब आज आणि पैशाचं वर्तुळ पोरगा तिशीला टेकल्यावर. तोवर ओळींच्या मधल्या जागेत तूर-हरभरा घेऊन घर चालवायचं. फळ्यावरची चारही वर्तुळं एकाच क्षणी काढलेली होती, त्यांत कॅलेंडर कुठेच नव्हतं.

भरात आलेल्या बागेचंही सांगतो. आंबिया बहार धरायचा तर थंडीत पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, की फुलं येतात. डिसेंबरात अवकाळी पाऊस पडला की ताण मोडतो आणि फुलाऐवजी पालवी फुटते. पाऊस जास्त झाला, पाणी साचलं, तर बुंध्याला डिंक्या. पोराचं कसब तेच, आवड तीच, आणि पीक अर्धं.

आता पैसे. व्यापारी बागेत फिरतो, नजरेने फळ मोजतो, हजारी भाव बोलतो आणि इसार देतो. धरून चाला, झाडाला पाचशे फळं. तीनशे तीस झाडांची एक लाख पासष्ट हजार. हजाराला दोन हजार रुपये भाव लागला तर तीन लाख तीस हजार. भाव हजारावर आला तर एक लाख पासष्ट हजार. खत, फवारणी, मजुरी दोन्ही वर्षी सारखीच. आणि भाव पडला की इसार दिलेला व्यापारीसुद्धा तोडणीला येत नाही, फोनवर ‘भाऊ, थोडं कमी करा’ म्हणतो. भाव कशाने पडतो? गेल्या काही वर्षांत बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं, ढाक्याला जाणारा माल अडला आणि तो आपल्याच बाजारात येऊन आदळला. भाच्याचं एक वर्तुळ ढाक्यात बसलेला कोणीतरी लहानमोठं करतो. टिकमार्क मात्र ‘हो’चाच राहतो, कारण चित्राला हो आणि नाही एवढंच कळतं, ‘किती’ कळत नाही.

मग संत्रा सोड, नोकरी बघ? तिथे ‘जगाची गरज’ आडवी येते. कुठलं जग? नागपूर शंभर किलोमीटरच्या आत, घरची भाषा मराठी, सोयरीक तिकडचीच. १९५६ पर्यंत ती आपली राजधानीसुद्धा होती. पण सरकारी जागेचा अर्ज भरताना रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा निघतो, आणि भोपाळ नागपूरच्या दुपटीहून जास्त लांब. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, कलेक्टर जवळ आले. राजधानी आहे तिथेच आहे. या सीमेची रेघ चारपैकी एकाही वर्तुळात नव्हती.

कार्यशाळेच्या शेवटी प्रश्नोत्तरं झाली. मी विचारलं, ‘चार वर्तुळं जुळलीच पाहिजेत का? पैसे एकीकडून आणि जीव दुसरीकडे लावला तर?’ पाहुणे हसून म्हणाले, ‘काका, तुम्ही तडजोड सांगताय.’ मला काका म्हटल्याचं एवढं वाईट वाटलं नाही, तडजोड म्हटल्याचं वाटलं. माझ्या तालुक्यात दिवसभर दुकान सांभाळून रात्री भजनात पखवाज धरणारे लोक आहेत. त्यांच्या पखवाजाला कुणी पैसे देत नाही, दुकानावर त्यांचं प्रेम नाही, आणि त्यांना विचारलं तर आपण तडजोड करतोय हे त्यांना ठाऊकच नाही.

भाच्याने त्याचं उत्तर वर्तुळांशिवाय काढलं. बापाला दोनच गोष्टी विचारल्या. पैसा आला नाही तर घर किती महिने निघेल? आणि उन्हाळ्यात विहीर किती झाडं पोसेल? पहिल्याचं उत्तर आठ महिने. दुसऱ्याचं, शंभर-सव्वाशे.

आता तो सौसरजवळ बोरगावला एका कारखान्यात शिफ्ट करतो. कार्यशाळेत वाटलेला वर्तुळांचा कागद त्याने जपून ठेवलाय. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आखणी केलीय: विहिरीकडचा एक एकर, सहा बाय सहा मीटर, एकशेदहा खड्डे. उरलेल्या दोन एकरांवर नुसतं ‘कापूस, तूर’ लिहिलंय.