विषय : बाही व पँटची लांबी

चहा घ्या भाऊ, आणि प्रकरण नीट ऐका. साळ्याच्या लग्नासाठी मी वर्ध्यात सूट भाड्यानं घेतला. सेवाग्राम इथून आठेक किलोमीटर. 1936 पासून तिथं राहणाऱ्या एका गृहस्थांनी पंचा नेसून हा प्रश्न मुळातच निकाली काढला होता. पण बायकोचं म्हणणं पडलं की फोटोत कोट पाहिजे.

माप मी एकवीस दिवस आधी दिलं. तुळशीचं लग्न लागलं की एकच सूट आठवड्यात दोन-दोन अंगांवर चढतो, हे मला ठाऊक होतं. दुकानदारानं टेप लावली. खांद्याच्या हाडापासून मनगटाच्या हाडापर्यंत बाही 24, कमरेपासून पँट 40. आकडे पावतीवर चढले. पँटचं माप बूट घालून द्यायचं असतं आणि मी चपलेवर होतो. माझ्याकडून झालेली चूक एवढीच, नोंद घ्यावी.

मग दोनदा फोनवर खात्री केली. "होऊन जाते भाऊ, टेन्शन नका घेऊ." याचा अर्थ पावती सापडली, इतकाच असतो. सूट तेव्हा भलत्याच कुणाच्या रिसेप्शनला उभा होता. खात्री करायची तर दोन दिवस आधी दुकानात जाऊन, टेप पावतीला नव्हे, त्याच कोटाला लावायची. हे मला आता कळतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सूट अंगावर चढवला. बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत, पँट घोट्याच्या वर. टेप लावून पाहिली : बाही साडेपंचवीस, पँट साडेअडतीस. म्हणजे मधल्या इसमाचे हात माझ्याहून लांब आणि पाय आखूड. मी या इसमाला ओळखत नाही, पण त्याची शरीररचना मला आता तोंडपाठ आहे.

बाहीचं निभावलं. दीड इंच आत दुमडून हातशिलाई मारली. शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा, तोही दिसला. फक्त खालचं बटण पार काठावर येऊन बसलं, एसटीच्या दारात लटकलेल्या प्रवाशासारखं.

पँटचा मामला गंभीर. भाड्याच्या पँटच्या मोहरीत दीड-दोन इंच कापड आत दाबून ठेवतात. ते सोडलं की लांबी मिळते. याच भरवशावर मी रात्री अकराला ब्लेडनं मोहरी उसवली. आत जेमतेम अर्धा इंच! मधल्या इसमासाठी कापड दाबलं नव्हतं, कापलं होतं. घेताना मोहरी उलटी करून पाहिली असती तर दुकानातच कळलं असतं. पण भरल्या दुकानात दुसऱ्याची पँट उलटी करून पाहणं बरं दिसत नाही, असे माझ्यावर संस्कार.

अख्खं लग्न मी खुर्चीत बसून काढलं. बसल्यावर पँट आणखी वर जाते, हे तिथं कळलं.

सूट परत केला तेव्हा अनामतीतून शंभर रुपये कापले. पावतीवर कारण लिहिलंय : 'ग्राहकाने मोहरी उसवली.'