आठापैकी सहा

अवधपुरीत भेलमधून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. या माणसांचा आकड्यांवर भारी विश्वास. त्यामुळे शेजारच्या वहिनी आपल्या मुलताईच्या आत्यांचा रिपोर्ट घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी वरचा सगळा मजकूर सोडून थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "भाऊजी, आठापैकी सहा. म्हणजे पंचाहत्तर टक्के झाले. आजार एवढा वाढलाय?"

मी म्हटले, "वहिनी, हे गुण आजाराचे नाहीत. हे जितके जास्त, तितका हॉर्मोनच्या गोळीचा उपयोग होण्याचा संभव जास्त." त्यांचा चेहरा सैल झाला, पण विश्वास बसला नाही. कॅन्सरच्या कागदावर जास्त गुण पडलेले चांगले, हे कुणाला पटावे?

ही गुणपद्धत अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. क्रेग ऑलरेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १,९८२ रुग्णांच्या गाठी तपासून ती पक्की केली, म्हणून तिला ऑलरेड स्कोअर म्हणतात. त्याआधी गाठीचा ताजा तुकडा गोठवायचा, वाटून त्याचा लगदा करायचा आणि त्यात इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे रिसेप्टर किती, ते मोजायचे, अशी रीत होती. लगद्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर चरबी आणि शेजारच्या निरोगी पेशीही वाटल्या जात. या पद्धतीत गाठीचा पातळ काप काचेवर रंगवतात, तिथे तसे होत नाही. रिसेप्टर असलेल्या पेशीचे केंद्रक तपकिरी होते, नसलेल्याचे निळे राहते. कोण कुठे बसले आहे ते दिसते.

मोजायचे ते केंद्रकच. केंद्रकाबाहेर तपकिरी झाक आली तर तिला मान द्यायचा नाही. आणि पेशी मोजायच्या त्या फक्त आजूबाजूला घुसलेल्या कॅन्सरच्या. नलिकेच्या आतच थांबलेला कॅन्सर कितीही झोकदार रंगला तरी त्याचे गुण घुसलेल्याला द्यायचे नाहीत. नवशिके डॉक्टर इथे हटकून फसतात, कारण नेमका तोच भाग सुंदर रंगलेला असतो.

गुण दोन भागांत. पहिला, किती पेशी रंगल्या याचा. एकही नाही तर शून्य, शंभरात एकाहून कमी तर १, तिथून दहा टक्क्यांपर्यंत २, एक तृतीयांशापर्यंत ३, दोन तृतीयांशापर्यंत ४, त्यापुढे ५. पायऱ्या मुद्दामच अशा विषम आहेत. खाली, एक-दोन टक्क्यांपाशी, बाईला गोळी मिळणार की नाही याचा निर्णय होतो, म्हणून तिथे बारीक पायऱ्या. वर ७० टक्के काय आणि ९५ काय, पाचच. तरीही दोन डॉक्टर दुतोंडी सूक्ष्मदर्शकावर समोरासमोर बसले की ८० की ८५ यावर पंधरा मिनिटे घालवतात, आणि चहा आल्यावर दोघेही पाच लिहितात.

दुसरा भाग रंगाच्या गडदपणाचा, तोही रंगलेल्या पेशींची सरासरी काढून. इथे मला संध्याकाळच्या फेरीतली ओळखीची माणसे आठवतात. एक जण रस्त्याच्या पलीकडूनच हात करतो. तसा जो रंग सगळ्यात लहान भिंगातूनच दिसतो त्याला ३. एक जण जवळ आल्यावर ओळखू येतो; मधल्या भिंगातून दिसला, २. आणि एकाला अगदी समोर उभे राहून "आपण सी सेक्टरमधले ना?" असे विचारावे लागते, मोठे भिंग लावूनच जो सापडतो तो १.

दोन्हींची बेरीज म्हणजे स्कोअर. शून्यापासून आठपर्यंत, पण मध्ये एक गुण कोणालाच मिळत नाही. पेशी रंगल्या तर गडदपणाचा किमान एक गुण आलाच, नाही रंगल्या तर दोन्हीकडे शून्य. तीनला पास. हल्ली नुसती टक्केवारी पाहून एक टक्क्याला पास करतात, आणि २०२० पासून एक ते दहा टक्केवाल्यांना 'लो पॉझिटिव्ह' असा वेगळा शेरा लिहितात. त्यांना गोळी द्यायची, पण तिचा भरवसा थोडा कमी.

वहिनींना मी सांगितले नाही ते असे, की आत्यांना आधी शून्य मिळाले होते.

शस्त्रक्रिया एका नर्सिंग होममध्ये शनिवारी संध्याकाळी सातला झाली. काढलेला स्तन अखंडच फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडला, आणि बरणी सोमवारी दुपारी बाराला आमच्या लॅबमध्ये आली. कागदावर मुदत एक्केचाळीस तास. नियम सांगतो सहा ते बहात्तर तास, म्हणजे कागद निर्दोष. पण फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटरच्या गतीने आत शिरते, खोल जाताना आणखी मंदावते, आणि चरबीत तर अगदी नाखुशीने चालते. गाठ मध्यभागी. तिथे ते पोहोचेपर्यंत पेशी आपल्याच रसाने विरघळायला लागलेल्या. रिसेप्टर हे प्रथिन नाजूक, लवकर जाते.

काचेवर सगळे निळे. इस्ट्रोजेनचा ईआर शून्य, प्रोजेस्टेरॉनचा पीआर शून्य. त्याच काचेच्या टोकाला तुलनेसाठी लावलेला दुसऱ्या गाठीचा तुकडा मात्र छान तपकिरी, म्हणजे रंगकामात दोष नव्हता. शंका आली ती गाठीच्या रूपावरून. ती शांत, नलिका बनवणारी, पहिल्या ग्रेडची. अशी गाठ रिसेप्टरविना सहसा भेटत नाही. मग गाठीच्या कडेची निरोगी नलिका शोधली. निरोगी नलिकेत काही केंद्रके तपकिरी, काही निळी अशी सरमिसळ असायला हवी. (सगळीच तपकिरी असली तरी संशय घ्यावा; रंग जास्त झाला.) इथे एकही नव्हते. जिचा निकाल आधीच ठाऊक, तीच नापास झाली, तर परीक्षाच रद्द. निगेटिव्ह लिहायचे नाही, पुन्हा करायचे.

शस्त्रक्रियेआधी सुईने काढलेले तुकडे होते. शेवयांसारखे बारीक असल्याने फॉर्मॅलिन त्यांत लगेच भिनलेले. त्यांवर तोच रंग केला. निम्म्याच्या आसपास पेशी रंगल्या, ४. काही पलीकडून हात करणाऱ्या, बहुतेक जवळ आल्यावर कळणाऱ्या, सरासरी २. शून्याचे सहा झाले. शून्यावर आत्यांना हॉर्मोनची गोळी मिळाली नसती. सहावर लेट्रोझोल, रोज एक, निदान पाच वर्षे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००० साली ७९८ गाठींचा हिशेब छापला, तेव्हा ईआर पॉझिटिव्ह जेमतेम तिसरा हिस्सा निघाल्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात. आपल्याकडे हा आजार तरुण वयात दिसतो, हे एक कारण आहेच. पण पुढे आपल्याकडचे आकडे वर सरकत गेले, आणि एवढ्या थोड्या काळात बायकांच्या गाठी बदलल्या असे मला वाटत नाही. बरण्या सुधारल्या असाव्यात.

आत्यांची बरणी आली त्या सोमवारीच नर्सिंग होमच्या कंपाउंडरला फोन लावला होता. "भैया, बरणीत टाकण्याआधी काप द्यायचा." तो म्हणाला, "सर, मागे एकदा काप दिला तर तुमच्यासारख्याच एका साहेबांनी झापले, कड बिघडली म्हणून." त्याचेही खरे होते. मग ठरले असे: काप डॉक्टरांनीच द्यायचा, मागच्या बाजूने, गाठीतून आरपार, पण पुढची त्वचा सलग ठेवून; फटीत गॉज कोंबायचा, म्हणजे फॉर्मॅलिन आत जाईल; आणि बरणीवर वेळ लिहायची. त्याने सगळे लिहून घेतले. एकच शंका विचारली, गॉज पेशंटच्या बिलात लावायचा की तुमच्या.