आईचा चंद्र, लेकीचा शनी आणि बिल्डिंगभर बोभाटा

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या वहिनींनी लेकीशी पत्रिका जुळवून आणली! लेकीची पत्रिका एखाद्या मुलाशी नव्हे हो, ती दहावीत आहे अजून. स्वतःशी! आईची पत्रिका आणि मुलीची पत्रिका शेजारी-शेजारी ठेवून, ‘आमचं का पटत नाही’ ते एका गुरुजींकडून बघून आल्या. वर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण हातात द्यायच्या आधी, आम्हा अकराजणींना ते सगळं साग्रसंगीत ऐकवलं. तिळगूळ तोंडात होता म्हणून मी गप्प बसले.

तर निकाल असा. वहिनींची रास कर्क, लेकीची कुंभ. कर्केपासून मोजत गेलं तर कुंभ आठवी येते आणि कुंभेपासून मोजलं तर कर्क सहावी. सहा-आठ, म्हणजे षडाष्टक. त्यातही दोन जाती असतात म्हणे. राशींचे स्वामी एकमेकांचे मित्र असतील किंवा स्वामी एकच असेल तर प्रीतीषडाष्टक, ते चालतं. मेष-वृश्चिक घ्या, दोन्हीकडे मंगळच मालक. स्वामींचं वाकडं असेल तर मात्र मृत्युषडाष्टक. वहिनींच्या वाट्याला नेमकं हे दुसरं आलं. एवढा शब्द ऐकल्यावर ‘मुलगी मोबाईल खाली ठेवत नाही’ ही तक्रार किती भारदस्त वाटायला लागते बघा!

खरी गंमत त्या स्वामींच्या वाकड्यातच आहे. कर्केचा स्वामी चंद्र, कुंभेचा शनी. ज्योतिषात ग्रहांच्या मैत्रीचा एक ठरलेला तक्ता आहे, आणि त्यात मैत्री दोन्ही बाजूंनी सारखी असलीच पाहिजे असं मुळीच नाही. चंद्राला अख्ख्या तक्त्यात एकही शत्रू नाही. रवी आणि बुध त्याचे मित्र, बाकीचे सगळे सम. शनी मात्र चंद्राला सरळ शत्रूच्या रकान्यात बसवतो. म्हणजे आईच्या मनात लेकीबद्दल काही नाही, लेक मात्र आईला शत्रू समजते! हे ऐकल्यावर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. येणारच. जगातल्या कुठल्याही आईला विचारा, ती हाच तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवेल.

आता माझ्यातली चोंबडी बाई गप्प बसते का? घरी येऊन तो तक्ता काढला. काय दिसावं? बुध हा पुराणात चंद्राचा मुलगा. चंद्र बुधाला मित्र मानतो, आणि बुध चंद्राला शत्रू! शनी हा सूर्याचा मुलगा. तिथे तर बाप मुलाला शत्रू मानतो आणि मुलगा बापाला. म्हणजे ज्यांच्या तक्त्यावरून आपण आपल्या घरातली भांडणं सोडवायला निघालो, त्यांच्या घरात दोनच बाप-लेकांच्या जोड्या, आणि दोन्हीकडे बोंब. आपल्या संक्रांतीची कथाही हीच ना? सूर्य मकरेत जातो, म्हणजे शनीच्या घरी, न पटणाऱ्या मुलाकडे राहायला जातो. मकर आणि कुंभ दोन्ही राशी शनीच्याच, त्यामुळे मुक्काम चांगला दोन महिन्यांचा. एवढे दिवस तिळगुळावर काढायचे म्हणजे सोपं आहे का!

पण वहिनींची कथा इथेच संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. गुरुजींनी पुढे सांगितलं, ‘तुमचा शनी कन्येत, मुलीचाही शनी कन्येत. हे साधं नातं नव्हे, मागचा हिशेब आहे.’ बायका गारच पडल्या. मी बोटं मोजत होते. वहिनी १९८१च्या, लेक २०१०ची. शनीला बारा राशी फिरून यायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एकेका राशीत अडीच वर्षं. तर एकोणतिसाव्या वर्षी मूल झालेल्या बाईचा आणि तिच्या मुलाचा शनी एका राशीत नाही येणार, तर काय माझा आणि दूधवाल्याचा येणार? १९८१मध्ये वर्षभर शनी कन्येत होता, २०१०मध्येही वर्षभर कन्येतच होता. त्या लेकीच्या वर्गात २०१०ला जन्मलेलं प्रत्येक पोर कन्येतला शनी घेऊनच बसलंय. चोविसाव्या किंवा छत्तिसाव्या वर्षी मूल झालं असेल तर हाच चमत्कार गुरूच्या बाबतीत होतो, कारण त्याची फेरी बारा वर्षांची. पत्रिकांमधलं हे डोळे दिपवणारं साम्य म्हणजे आई-मुलाच्या वयातला फरक, बाकी काही नाही. तो तर रेशनकार्डावरही कळतो.

असंच वहिनींच्या ‘२०२३पासून फार बिघडलं’ या तक्रारीचं. शनी जानेवारी २०२३मध्ये कुंभेत आला, म्हणजे लेकीच्या साडेसातीचा ऐन मधला भाग. आणि कुंभ कर्केपासून आठवी, म्हणजे त्याच अडीच वर्षांत आईला अष्टम शनी. दोघींना एकदम! वहिनींना हे दोन वेगवेगळे पुरावे वाटले. अहो, एकच पुरावा दोनदा मोजला. राशी एकमेकींपासून सहा-आठ आहेत, हे एकदा सांगून झालंच होतं. लेकीच्या राशीत शनी आला की आईला तो आठवा येणारच. लेक तेव्हा तेरा वर्षांची झाली होती, दार लावून घ्यायला लागली होती, हे मात्र कोणी मोजलं नाही.

आता याहून खमंग ऐका. सी विंगमधल्या एकीने गुरुजींना दक्षिणा द्यायची नाही म्हणून फोनवरच्या ॲपवर भागवलं. ॲपमध्ये आई-मुलीसाठी सोय नाही, फक्त वधू-वरांची आहे. तिने स्वतःला ‘वर’ केलं आणि लेकीला ‘वधू’! नक्षत्रं निघाली पुष्य आणि शततारका. म्हणजे इथेही कर्क आणि कुंभच, ही साथ आमच्या सोसायटीत पसरली आहे वाटतं. राशीकूटाचे सातपैकी शून्य. ग्रहमैत्रीचे पाचपैकी अर्धा. आई देवगणी, लेक राक्षसगणी, यावर तर तिने स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवला. आणि नाडीचे आठपैकी आठ! नाडी बघतात संततीसाठी. आई आणि लेक यांना संतती उत्तम होईल, असा त्या ॲपचा कौल आहे. मी तर पदर तोंडात धरला.

छत्तीस गुणांचा तो सगळा हिशेब दोन परक्या घरांतली माणसं एकत्र यायची म्हणून मांडलेला. जुन्या शास्त्राने आई-वडील आणि मूल यांच्याकडे पाहिलंच नाही असं नाही, पण वेगळ्या तऱ्हेने पाहिलं. आईच्या पत्रिकेतलं पाचवं स्थान मुलाचं, मुलाच्या पत्रिकेतलं चौथं स्थान आईचं. आणि आईच्या किंवा वडिलांच्याच नक्षत्रावर मूल जन्मलं, तर जुन्या लोकांनी काय सांगितलंय माहीत आहे? एकनक्षत्र जननशांती करा! हल्लीच्या हौशी मंडळींत मात्र ‘माझं आणि बाळाचं नक्षत्र एकच, म्हणून आमचं इतकं जमतं’ असं मिरवतात. ज्याची आजी शांत करून घ्यायची, त्याचं नात स्टेटस ठेवते.

शिवाय ही स्थानं बघायची तर जन्मवेळ हवी. चंद्राची रास सव्वादोन दिवस टिकते, ती सहसा चुकत नाही. लग्न मात्र साधारण दोन तासांत बदलतं आणि त्याबरोबर सगळी स्थानं सरकतात. लेकीची वेळ हॉस्पिटलच्या कागदावर मिनिटासकट असते. आईची वेळ काय? ‘गाई परतत होत्या.’ माझ्या सासूबाईंची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. या १ जूनवर त्यांची आणि माझ्या नवऱ्याची पत्रिका ताडून एका जाणकारांनी ‘आईचा पगडा’ काढून दाखवला होता. पगडा आहे, यात वाद नाही. तो बघायला जेवणाच्या वेळी आलं तरी पुरतं.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये मिशेल गोकलँ नावाचा एक माणूस होता. तिकडे सरकारी जन्मनोंदीत वेळही लिहितात, त्याचा फायदा घेऊन त्याने हजारो आई-बाप आणि त्यांच्या मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. आई-बापाच्या जन्माच्या वेळी एखादा ग्रह नुकता उगवलेला किंवा माथ्यावरून नुकता ढळलेला असेल, तर मुलाच्या वेळीही तो तसाच असण्याकडे थोडासा कल दिसतो, असं त्याने १९६६मध्ये छापलं. थोडासाच हं, एका घराला सांगून उपयोग नाही इतका. १९८४मध्ये त्याने आणखी मोठा ढीग घेऊन पुन्हा मोजलं, तर तो कलही सापडला नाही. आणि हे त्याने स्वतःच सांगितलं. आमच्याकडे असं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आता माझा गुन्हा कबूल करते. मीही गेले होते त्याच गुरुजींकडे. पिशवीत माझं टिपण होतं, मुलाचं होतं आणि शेजारणीच्या मुलाचंही होतं. दोघं पोरं एकाच वर्षातली. मी माझ्या टिपणाखाली शेजारणीच्या मुलाचं सरकवलं. गुरुजी म्हणाले, ‘हट्टी आहे, पण आतून आईवर जीव आहे. तुम्ही बोलता ते त्याला लागतं, दाखवत नाही.’ अगदी माझा मुलगा! डोळे भरून आले, मग आठवलं की हा माझा नाहीच. मग दोन्ही टिपणं पुढे ठेवून विचारलं, ‘गुरुजी, यातला माझा कुठला ते पत्रिकेवरून सांगता का?’ ते म्हणाले, असं विचारायचं नसतं. दक्षिणा मात्र दोन मुलांची घेतली.

वहिनींकडे परवा साखर मागायला गेले, तर आत खडाजंगी चाललेली. लेकीने तो मैत्रीचा तक्ता पाठ केलाय. म्हणत होती, ‘तुझ्या चंद्राला शत्रूच नाही ना? मग वायफाय का बंद केलंस?’ वहिनी म्हणाल्या, ‘शनीला विचार.’ मी साखर न घेताच परत आले.