आप्पांची नोटीस

उधारी वसुलीच्या नोटिशीतून मी सगळ्यात आधी नातेवाईक खोडतो. यावलात माझ्याकडे आलेल्या आप्पांनी मजकूर स्वतःच लिहून आणला होता. त्यात केळीचा व्यापारी होता, त्याचे वडील होते, मेव्हण्याची नवी गाडीही होती. बाकी किती, ते मात्र नव्हतं.

"आप्पा, आकडा?"

"त्याले माहीत आहे ना!"

त्याला असेल, कोर्टाला नसतं. काट्याची पावती काढायला लावली. 110 क्विंटल माल, भाव 1,500, झाले 1,65,000. बँकेत जमा 60,000, बाकी 1,05,000. मिळालेले साठ हजार लिहायला आप्पा तयार नव्हते. "ते तो सांगीन की!" तो सांगेलच, आणि आपण लपवलं हेही सांगेल. उलट 'काही घड बारीक होते' हे त्यांनी सचोटीने घातलं होतं. त्यापायी भाव आधीच कमी धरला होता. नोटिशीत पुन्हा कबूल केलं की समोरचा वकील तेच दुसऱ्यांदा कापणार.

व्याज हवं होतं महिन्याला शेकडा तीन. तसं लेखी काही ठरलं होतं का? नाही. मग 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे दाव्याआधीचं व्याज कोर्ट देऊ शकतं, पण नोटिशीत मागितल्या तारखेपासून, आणि बँक ठेवीवर देते त्या बेताने. म्हणजे ही एक ओळ राहिली, तर मधल्या महिन्यांचं व्याज बुडालं. बँकेचा दर ऐकून आप्पांनी बँकेच्याही नातेवाइकांची आठवण काढली.

पत्ता होता 'केळीवाला शेठ, सावदा'. अशा मोघम नावावर दावा लागत नाही. पावतीवरून मालकाचं पूर्ण नाव शोधलं. पत्ता चोख असेल आणि पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलं, तरी नोटीस पोचली असं कोर्ट धरू शकतं. ते पाकीट मात्र फोडायचं नाही, बंदच कोर्टात दाखवायचं.

एवढ्या शिव्या लिहिणाऱ्या माणसाने मुदत दिली होती 'दिवाळीपर्यंत, सवडीने'! माल जाऊन अडीच वर्षं झाली होती. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर दाव्याला माल दिल्यापासून तीनच वर्षं मिळतात. नोटिशीने ती थांबत नाहीत, आणि 'पुढच्या आठवड्यात देतो' या फोनवरच्या वायद्याने वाढतही नाहीत. मी पंधरा दिवस घातले.

चौदाव्या दिवशी वकिलामार्फत उत्तर आलं: मागणी खोटी, रक्कम रोखीत फेडली, बाकी फक्त 25,000. आप्पा खवळले. मी खूश! मुदत संपायच्या आत सहीनिशी दिलेली कबुली. तेवढ्या पंचवीस हजारांची तीन वर्षं आता नव्याने सुरू. उरलेल्या ऐंशी हजारांसाठी मात्र जुनीच तारीख धरून धावायचं होतं.

"रोखीत दिले म्हणतो, तर त्याची पावती त्याने दाखवायची," मी म्हटलं.

"आता तरी मेव्हण्याचं लिव्ह," आप्पा म्हणाले.