पावसाला मुभा, पोटाला नाही

समजा, मालवणच्या एखाद्या कॉलेजात परीक्षेच्या सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज आला: ‘महोदय, पाळीच्या तीव्र वेदनांमुळे मी आजचा पेपर देऊ शकत नाही. तो नंतर देण्याची परवानगी मिळावी.’ सर चष्मा काढतील, पुसतील आणि मुलीकडे न बघता शिपायाला सांगतील, ‘मॅडमांका बोलव रे.’ अर्जावर शेरा पडेल: ‘डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.’

आता हे प्रमाणपत्र आणायचे कुठून? पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. सोबत उलट्या, जुलाबही. पहिले दोन-तीन दिवस असे जातात आणि सोनोग्राफीत सगळे नॉर्मल दिसते. म्हणजे मुलगी ठणठणीत असल्याचा कागद मिळतो, दुखण्याचा नाही. दुखणे पाळीच्या बरेच आधी सुरू होत असेल, वर्षागणिक वाढत असेल, गोळीलाही दाद देत नसेल, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी लागते. पण साध्या सोनोग्राफीला तोही बरेचदा हुलकावणी देतो.

तसे कोकणाला पाळीचे वेळापत्रक बदलण्याचे वावडे नाही. गणपती जवळ आले की नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन ती पुढे ढकलणाऱ्या बायका घरोघर सापडतील. एरवीही काही घरांत ते तीन-चार दिवस देवघर बंद, स्वयंपाकघर बंद. उघडा राहतो तो फक्त परीक्षेचा हॉल. तिथे मात्र शिवाशिव कोणी पाळत नाही, हा पुरोगामीपणा म्हणायचा!

आणि परीक्षा पुढे जातच नाही असेही नाही. जोराचा पाऊस झाला की मुंबई विद्यापीठ पेपर पुढे ढकलते. पावसाकडे कोणी दाखला मागत नाही.

पाळीलाही अशी मुभा एकदा मिळाली होती. कोचीन संस्थानात त्रिपुणितुरा इथे मुलींची सरकारी शाळा होती. वार्षिक परीक्षेला बसायला 300 दिवसांची हजेरी लागे आणि पाळीच्या दिवसांत मुली, शिक्षिका गैरहजर राहत. मुख्याध्यापक विश्वनाथ अय्यर यांनी 1912 च्या जानेवारीत हे गाऱ्हाणे शाळा निरीक्षकांकडे नेले. त्या महिन्यातच परवानगी आली: मुलींनी रजा घ्यावी, परीक्षा नंतर द्यावी. सोनोग्राफीचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता, त्यामुळे रिपोर्ट मागायची सोय नव्हती.

मग 112 वर्षे गेली. 2024 मध्ये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने मुलींना पाळीची रजा दिली. सत्रात जास्तीत जास्त चार दिवस, डॉक्टरांचा कागदही नको, मुलीने स्वतः लिहून दिले की पुरे. पण एक अट अशी, की परीक्षेच्या दिवशी ही रजा मिळणार नाही: अंतर्गत असो वा बाहेरची, लेखी असो वा प्रात्यक्षिक.